परतीच्या तारखा कंपनीला कशा कळवाव्यात: मुलाखतीनंतरचा फॉलो-अप मेल

मुलाखत चांगली झाली, एचआर मॅडम म्हणाल्या, "आठ-दहा दिवसांत कळवतो," आणि मग सगळं चिडीचूप. परदेशात पाच-दहा वर्षं काढून संभाजीनगरला परतू पाहणाऱ्या बऱ्याच जणांचं घोडं इथेच अडतं. कंपनीला माणूस आवडलेला असतो, पण तो नक्की कधी येणार हे तिला उमगलेलं नसतं. इथला उमेदवार "सर, तीस दिवसांची नोटीस आहे" म्हणून मोकळा होतो. आपण मात्र तीन महिने, चार महिने, मुलांची शाळा, घराचा करार असं काहीबाही सांगत बसतो.

हे मी स्वतःच्या चुकीतून शिकलो. परतायचं ठरल्यावर वाळूजच्या एका कंपनीला मी फॉलो-अप मेल लिहिला होता. त्यातलं मुख्य वाक्य असं होतं: "मला साधारण तीन ते चार महिन्यांत स्थलांतर करता येईल, तारखेबाबत मी लवचिक आहे." लिहिताना वाटलं, किती समंजस लिहिलंय! ती जागा चाकणहून येणाऱ्या एकाला मिळाली. मधल्या कन्सल्टंटने पुढे कधीतरी सांगितलं, "तुमचं कधी ते त्यांना कळलंच नाही हो. चार महिने धरले, आणि वर तुम्ही लवचिक म्हणताय म्हणजे आणखी दोन जातील असं वाटलं त्यांना." आता मी टेबलाच्या पलीकडे बसतो आणि असेच मेल वाचतो. माझंही मन नेमकं तसंच चालतं.

म्हणून या लेखात एकच मेल घेतो, मुलाखतीनंतरचा फॉलो-अप, आणि एकच उदाहरण. माझा मावसभाऊ स्टुटगार्टला नऊ वर्षं ब्रेक टेस्टिंगमध्ये होता. २०२३ साली तो शेंद्र्यातल्या एका कंपनीत आला. त्याचा मेल आम्ही दोघांनी रात्री फोनवर बसून लिहिला होता, त्यामुळे त्यातली तारीख न् तारीख मला पाठ आहे.

आधी स्वतःचं कॉन्ट्रॅक्ट उघडा

मेल लिहायच्या आधीचं हे काम आहे आणि बहुतेक जण नेमकं तेच टाळतात. "माझी नोटीस तीन महिन्यांची आहे" एवढं तोंडपाठ असतं, पण ते तीन महिने कधीपासून मोजायचे हे पाहिलेलं नसतं.

जर्मनीत कायद्याने कर्मचाऱ्याची नोटीस चार आठवड्यांची असते, आणि ती महिन्याच्या १५ तारखेला किंवा महिनाअखेरीला संपली पाहिजे. पण बऱ्याच कंपन्यांच्या करारात यापेक्षा मोठी मुदत घातलेली असते. मावसभावाच्या करारात लिहिलं होतं, "तीन महिने, महिनाअखेरीस." या "महिनाअखेरीस"मध्येच सगळी मेख आहे. राजीनामा ३१ मेपर्यंत पोचला तर नोकरी ३१ ऑगस्टला सुटते. तोच १ जूनला पोचला तर ३० सप्टेंबरला. एका दिवसाच्या उशिराने अख्खा महिना जातो. काही करारांत "तिमाहीअखेरीस" असंही असतं, तिथे एका दिवसाची किंमत तीन महिने.

दुसरी गोष्ट, राजीनामा कागदावर आणि शाईच्या सहीनेच द्यावा लागतो. बीजीबी म्हणजे तिथली दिवाणी संहिता, तिच्या कलम ६२३ प्रमाणे ईमेल, स्कॅन किंवा डिजिटल सही चालत नाही. शिवाय मुदतीत नुसता लिहून भागत नाही, तो मालकाच्या हाती पोचायला हवा. शेवटचा दिवस रविवारी आला म्हणून सोमवारपर्यंत सवलतही मिळत नाही. म्हणजे आपली खरी अंतिम तारीख ३१ मे नसतेच, त्याच्या दोन-चार दिवस आधीची असते. त्या वर्षी २९ मेला प्फिंगस्टन या ख्रिस्ती सणाची सोमवारची सुट्टी होती आणि ३० मेपासून तिथल्या शाळांनाही सुट्टी लागणार होती. त्याच्या एचआरमधली बाई तेव्हा रजेवर. म्हणून आम्ही ठरवलं की २६ मे, शुक्रवार ही आपली शेवटची तारीख.

त्या तारखेपासून मागे या. ऑफर लेटर हातात नसताना राजीनामा द्यायचा नाही. ते वाचायला, एखादा आकडा दुरुस्त करून घ्यायला, सही करून परत पाठवायला दोन-तीन दिवस लागतात. म्हणजे ऑफर लेटर २३ मेपर्यंत यायला हवं. कंपनीला सांगायची खरी तारीख ही आहे. आपण कधी येणार यापेक्षा, त्यांनी कधीपर्यंत ठरवलं तर आपण कधी येऊ शकतो, हे सांगायचं.

ही कल्पना डोक्यात बसली की अर्धा मेल आपोआप लिहून होतो.

"उपलब्ध" शब्दाचे तीन अर्थ

आपण "मी सप्टेंबरपासून उपलब्ध आहे" असं लिहितो. वाचणाऱ्याला कळत नाही, कशाला उपलब्ध? फोनवर बोलायला? प्लांटवर येऊन भेटायला? की हजेरीपटावर नाव चढवायला? हे वेगवेगळं लिहा.

बोलण्याची उपलब्धता भारतीय वेळेत द्या. उन्हाळ्यात जर्मनी आपल्या साडेतीन तास मागे असते आणि हिवाळ्यात साडेचार. मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिथली घड्याळं बदलतात, इथे कुणाच्या ते ध्यानीमनीही नसतं. मावसभावाची जेवणाची सुट्टी तिथे दुपारी बारा ते एक, म्हणजे मे महिन्यात आपल्याकडे साडेतीन ते साडेचार. मेलमध्ये तेवढंच लिहिलं. "कधीही फोन करा" लिहिलं असतं तर इथून सकाळी साडेदहाला फोन गेला असता, तेव्हा तिथे सात वाजलेले आणि हा मुलीचा डबा भरत असता. आणखी एक, समोरच्या कंपनीची साप्ताहिक सुट्टी रविवारीच असेल असं गृहीत धरू नका. एमआयडीसीत वेगळाही वार असतो. विचारून घ्या.

प्रत्यक्ष हजर असण्याची तारीख आणि रुजू होण्याची तारीख, या दोन्हींत लोक सगळ्यात जास्त घोळ घालतात. मावसभावाची पंधरा दिवसांची रजा शिल्लक होती. ती नोटीसच्या शेवटी घेतली तर ऑफिसातला शेवटचा दिवस १० ऑगस्ट येत होता, म्हणजे २०-२१ ऑगस्टपर्यंत तो संभाजीनगरला पोचू शकत होता. पण नोकरी कागदोपत्री ३१ ऑगस्टपर्यंत चालूच. रजेवर असला तरी माणूस जुन्या मालकाचाच असतो, आणि रजेच्या काळात दुसरीकडे पगारी काम करायला तिथला रजेचा कायदाही आडवा येतो.

इथली कंपनी मात्र सहज म्हणते, "आलाच आहात तर २२ पासूनच या ना." मोह होतो. पण "हो" म्हणू नका. पुढे जुन्या-नव्या नोकरीच्या तारखांची पडताळणी करणारी एजन्सी दहा दिवस एकावर एक चढलेले दाखवते आणि अहवालात लाल शेरा येतो. मग एचआरला खुलासे देत बसा. त्यापेक्षा मेलमध्येच लिहावं की २१ ऑगस्टपासून मी शहरात आहे, वैद्यकीय तपासणी, कागदपत्रं, प्लांटची भेट यांसाठी येऊ शकतो, मात्र रुजू होण्याची तारीख ४ सप्टेंबर. असं लिहिलं की दोन आठवडे आधी येणं ही आपली सोय न राहता त्यांची सोय वाटू लागते.

याच कारणाने "तोवर मी इथूनच ऑनलाइन काम सुरू करतो" असंही देऊ करू नका. उत्साहात बरेच जण लिहून बसतात. जुना करार दुसऱ्या कामाला परवानगी मागायला लावतो, आणि तिथे बसून इथल्या कंपनीचं काम केलं की तिथला कर आणि सामाजिक विमा यांचे प्रश्न उभे राहतात. इथली मध्यम आकाराची कंपनी असल्या भानगडीत पडत नाही, आणि पडूही नये.

मेल

पहिला मसुदा मावसभावाने मला पाठवला तेव्हा तो दीड पानाचा होता. त्यात सासूबाईंचं गुडघ्याचं ऑपरेशन होतं, समुद्रमार्गे येणाऱ्या सामानाचा कंटेनर होता, मुलीची जर्मन शाळा होती, "माझ्या मातीची ओढ" तर दोनदा होती. मी त्याला म्हणालो, "अरे, हे आईला लिही. एचआरला तीन तारखा दे."

मेल अर्थातच इंग्रजीत गेला. मराठीत त्याचा ऐवज असा:

> विषय: टेस्टिंग मॅनेजर पद – रुजू होण्याच्या तारखांबाबत
>
> नमस्कार मॅडम,
>
> २८ एप्रिलच्या तिसऱ्या फेरीत आपल्याशी आणि प्लांट हेड सरांशी बोलणं झालं. माझ्या रुजू होण्याबद्दल आपण विचारलं होतं, तेव्हा मी अंदाज सांगितला होता. आता करार पाहून नक्की तारखा कळवतो.
>
> माझी नोटीस तीन महिन्यांची आहे आणि ती महिनाअखेरीलाच संपते. राजीनामा कागदावर, हातोहात द्यावा लागतो.
>
> ऑफर लेटर २३ मेपर्यंत मिळालं, तर मी त्याच आठवड्यात राजीनामा देईन. माझी इथली नोकरी ३१ ऑगस्टला संपेल. २१ ऑगस्टपासून मी संभाजीनगरला असेन आणि तपासणी वा कागदपत्रांसाठी प्लांटवर येऊ शकेन. सोमवार, ४ सप्टेंबरला रुजू होईन.
>
> ऑफर लेटर २३ मेनंतर, पण २३ जूनच्या आत मिळालं, तर नोकरी ३० सप्टेंबरला संपेल आणि मी सोमवार, १६ ऑक्टोबरला रुजू होईन.
>
> जर्मनीत रिलीव्हिंग लेटर नावाचा कागद नसतो. त्याऐवजी काय देता येईल ते सोबतच्या यादीत दिलं आहे. ते आपल्या पडताळणीला चालेल का, हे आताच कळवलंत तर पुढे वेळ जाणार नाही.
>
> सिडकोत आमचं स्वतःचं घर आहे, आईवडील तिथेच राहतात. मुलीच्या शाळेचा प्रवेश ऑगस्टसाठी बोलून ठेवला आहे.
>
> फोनवर बोलायचं असल्यास कोणत्याही कामाच्या दिवशी भारतीय वेळेनुसार दुपारी ३.३० ते ४.३० मला सोयीचं आहे.

बस, एवढंच. आता यातल्या दोन-तीन जागा नीट बघू.

दोन पर्याय दिलेत, तिसरा नाही. दोन पर्याय दिले की समोरच्याला हिशोब कळतो: आपण पंधरा दिवस रेंगाळलो तर माणूस सहा आठवडे उशिरा येतो. हा दबाव नाही, करारातली वस्तुस्थिती आहे, म्हणून ती लिहिताना सूर चढवायचा नाही. "अन्यथा मला दुसऱ्या ऑफरचा विचार करावा लागेल" असलं काही तर अजिबात नको. आपल्याकडे त्याचा अर्थ "हा नुसता भाव वाढवतोय" असाच घेतला जातो.

दुसऱ्या पर्यायात ऑक्टोबरची पहिली तारीख का नाही, १६ का? तो पितरपाट. त्या वर्षी २९ सप्टेंबर ते १४ ऑक्टोबर. मावसभावाला स्वतःला त्याचं काही नव्हतं, पण मावशीने पंचांग काढून सांगितलं असतं, "त्या पंधरवड्यात नवीन काम नको," आणि ऐन वेळी त्याला तारीख पुढे ढकलायला लागली असती. मराठवाड्यातल्या एचआरला हे काही नवीन नाही. पितरपाटात रुजू व्हायची तारीख घेऊन आदल्या दिवशी "घरचे नको म्हणतायत" असा फोन करणारे त्यांनी ढीगभर पाहिलेत. तुम्ही मानत असाल किंवा नसाल, घरच्यांना आधी विचारा आणि मगच तारीख लिहा. एकदा लिहिलेली तारीख स्वतःहून बदलली की बाकीच्या तारखांवरचाही विश्वास उडतो.

घर आणि शाळेचं ते एक वाक्य जिव्हाळ्यापोटी घातलेलं नाही. संभाजीनगरच्या कंपन्यांची खरी भीती वेगळीच असते. हा परत जर्मनीला जाईल, याहीपेक्षा हा वर्षभर इथे टेकेल आणि मग पुण्याला पळेल, ही भीती मोठी. तोंडावर कुणी विचारत नाही. "मी कायमचा येतोय" या वाक्याने ती जात नाही, घर आणि शाळा या दोन गोष्टींनी जाते. अर्थात खरं असेल तरच लिहा. भाड्याने घर बघत असाल तर तसंच लिहा.

शहराच्या नावाची एक किरकोळ कटकट असते. तुमच्या पासपोर्टवर, पदवीवर, जुन्या पत्त्यावर औरंगाबाद आहे आणि कंपनीचे कागद छत्रपती संभाजीनगर म्हणतात. बिहारमध्येही एक औरंगाबाद आहे. परदेशातून कागद पाठवताना पिनकोड न विसरता टाका.

रिलीव्हिंग लेटरचं काय करायचं

हा मुद्दा फॉलो-अपमध्येच का घालायचा? कारण तो शेवटी निघाला तर रुजू होणं अडतं. आपल्याकडे जुन्या कंपनीचं रिलीव्हिंग लेटर आणि शेवटच्या तीन महिन्यांच्या पगारपावत्या हा ठरलेला संच आहे. एचआरच्या यादीत त्यासमोर चौकट असते आणि त्या चौकटीत टिक करावीच लागते.

जर्मन कंपनी देते ते आर्बाइट्सत्सॉयग्निस, म्हणजे तुमच्या कामाचा आणि वागणुकीचा लेखी दाखला. मागितला तर तो मिळणं हा कर्मचाऱ्याचा हक्क आहे. पण तो बहुधा नोकरी संपल्यानंतर येतो, कधी कधी कित्येक आठवड्यांनी. ४ सप्टेंबरला तो हातात असेलच याची खात्री नाही. म्हणून राजीनाम्यासोबतच दोन गोष्टी मागून घ्यायच्या. एक, राजीनामा मिळाल्याची आणि नोकरी कोणत्या तारखेला संपते याची लेखी पोच. दुसरी, त्स्विशेनत्सॉयग्निस, म्हणजे नोकरी चालू असतानाच मिळणारा अंतरिम दाखला. पगारपावत्या जर्मनमध्ये असतात. त्यातल्या एकूण पगार, कपाती, हाती आलेली रक्कम या ओळींचं इंग्रजी भाषांतर एका कागदावर करून सोबत जोडलं तर वाचणारा दुवा देतो.

मावसभावाने मेलसोबत ही यादी दिली: राजीनाम्याची पोच, अंतरिम दाखला, तीन पगारपावत्या भाषांतरासह, अंतिम दाखला हाती आल्यावर. मॅडमचं उत्तर दुसऱ्या दिवशी आलं, आणि तेही फक्त याच मुद्द्यावर: "राजीनाम्याची पोच चालेल, त्यावर शेवटची तारीख स्पष्ट हवी." तारखांबद्दल अक्षर नाही. तरी मी त्याला म्हटलं, काम झालं समज. पडताळणीच्या कागदांवर उत्तर देणारी कंपनी माणूस घ्यायच्या विचारात असते.

उत्तर आलं नाही तर, आणि अर्धवट आलं तर

पहिला मेल ८ मेला गेला होता. २८ एप्रिलनंतर कंपनीने मागितलेले आठ-दहा दिवस त्यांना पुरते दिले. त्याआधी पाठवला तर उतावीळपणा दिसतो. वरच्या उत्तरानंतर आठवडा गेला, ऑफर नाही. १७ मेला दुसरा मेल, फक्त चार ओळींचा: आधीच्या तारखा तशाच आहेत, २३ मेला अजून चार कामाचे दिवस आहेत, माझ्याकडून काही राहिलं आहे का? त्याच दिवशी दुपारी फोन. फोनवर "ऑफरचं काय झालं" असं न विचारता "मॅडम, कागदांमध्ये काही कमी आहे का" असं विचारायचं. मग कळतं, फाइल कुठे अडली आहे ते. इथे ती मुंबईला बसणाऱ्या एका साहेबांच्या सहीसाठी अडली होती. मॅडमने मावसभावाचा मेल तसाच साहेबांना पुढे पाठवला. मेल छोटा आणि तारखांसकट असण्याचा हा फायदा, तो पुढे पाठवता येतो. सासूबाईंच्या गुडघ्यासकट असता तर गेला नसता.

२२ मेला ऑफर लेटर आलं. २४ ला याने एचआरच्या हातात राजीनामा ठेवला आणि दुसऱ्या प्रतीवर तारीख टाकून सही घेतली. घरमालकाला नोटीस मात्र त्यानंतर दिली, १ जूनला. तिथे भाड्याचं घर सोडायची नोटीसही तीन महिन्यांची, आणि महिन्याच्या तिसऱ्या कामाच्या दिवसापर्यंत पोचली तर तो महिना धरतात. म्हणजे घरही ३१ ऑगस्टला मोकळं. आधी घर सोडायची नोटीस देऊन मग ऑफरची वाट पाहणारे मी पाहिलेत. त्यांच्या मेलमध्ये एक अगतिकता उतरते, आणि ती समोरच्याला पगार ठरवताना उपयोगी पडते.

मधे एक प्रश्न येतोच, "नोटीस बायआउट होणार नाही का? आम्ही भरू पैसे." इथे पैसे भरून मोकळं होण्याची पद्धत आहे, तिथे तसा एकतर्फी हक्क नाही. दोघांच्या संमतीचा लेखी करार करून लवकर सुटता येतं, पण तो मालकाला मान्य असेल तरच. म्हणून उत्तर द्यायचं, "विचारून बघतो, पण त्या भरवशावर तारीख धरू नका." मावसभावाने विचारलं, त्याचा बॉस नाही म्हणाला. कंपनीला तसं कळवलं, विषय संपला.

ऑफर लेटर म्हणजे काय हेही एकदा बघून घ्या. "आपली निवड झाली आहे, अभिनंदन" असा मेल म्हणजे ऑफर नव्हे. लेटर ऑफ इंटेंटवरही तीन महिन्यांची नोटीस देऊ नका. पद, पगार, ठिकाण, रुजू होण्याची तारीख आणि अधिकृत सही असलेला कागद हवा. त्यात "पडताळणी समाधानकारक झाल्यास" अशी अट असणारच, तिला इलाज नाही. पण शिक्षणाची आणि जुन्या भारतीय नोकरीची पडताळणी आताच उरकून घ्या असं सुचवता येतं. सध्याच्या मालकाकडे मात्र राजीनाम्याआधी चौकशी नको, हे त्याच मेलमध्ये स्पष्ट सांगा.

जर्मनी सोडून इतर देश

अमेरिकेत दोन आठवड्यांची नोटीस हा फक्त रिवाज आहे. तिथून येणाऱ्याला नोकरी अडवत नाही, घर आणि मुलांची शाळा अडवते. तेव्हा कंपनीला दोन आठवडे सांगून मोकळं होऊ नका, घर विकायला किंवा करार मोडायला लागणारा वेळ धरून तारीख द्या. यूएईत २०२२ पासून लागू असलेल्या कामगार कायद्यात नोटीस ३० ते ९० दिवसांची असते, तुमच्या करारात कोणती ते बघा. व्हिसा रद्द करायचं काम त्यात जमेस धरा. बाकी पद्धत तीच, शेवटच्या दिवसापासून मागे मोजत ऑफरच्या तारखेवर यायचं.

शाळेचं वेळापत्रक मात्र सगळीकडेच तिढा घालतं. स्टुटगार्टच्या शाळा जुलैअखेरीला सुटतात, आपल्याकडे राज्य मंडळाच्या शाळा जूनच्या मध्याला भरतात आणि सीबीएसईच्या बऱ्याच शाळा एप्रिलमध्ये. मूल दोन-चार महिने बुडवूनच वर्गात बसतं. वहिनी मुलीला घेऊन ऑगस्टच्या पहिल्याच आठवड्यात पुढे आल्या, हा मागून आला. कुटुंब आधी पाठवणार असाल तर कंपनीला सांगायला हरकत नाही, त्याने तुमच्या येण्याची खात्रीच वाढते. पण "घरचे रुळले की मी येतो" असं वाक्य टाकू नका.

राजीनाम्यानंतरचे तीन महिने

या काळात बरेच जण गप्प बसतात आणि इकडे कंपनीत शंका सुरू होते. ऑफर घेऊन न येणारे लोक कमी नाहीत, एचआरने हातचा दुसरा उमेदवार ठेवलेलाच असतो. महिन्यातून एक मेल पुरे, आणि त्यात प्रत्येक वेळी एक कागद जोडलेला हवा. मावसभावाने मेअखेरीला राजीनाम्याची पोच पाठवली. जूनमध्ये अंतरिम दाखला. जुलैमध्ये १९ ऑगस्टचं फ्रँकफर्ट-मुंबई तिकीट. "मी येतोय बरं का" असं एकदाही लिहावं लागलं नाही.

मुंबईत उतरल्यावर गाडीने थेट घर गाठलं, सोबत चार मोठ्या बॅगा होत्या. दुसऱ्या दिवशी सकाळी पहिलं काम सिमकार्डाचं. तोवर कंपनीकडे त्याचा जर्मन नंबर होता आणि तो बंद पडणार होता. २१ ऑगस्टला, सोमवारी सकाळी अकराला त्याने शेवटचा फॉलो-अप पाठवला: "मॅडम, मी संभाजीनगरला पोचलो आहे. हा माझा इथला नवा नंबर. वैद्यकीय तपासणीला कोणत्या दिवशी येऊ?" वीस मिनिटांत फोन आला. बुधवारी सकाळी नऊला या, उपाशीपोटी, आणि आधार कार्डाची प्रत आणा.